कटिंग काळातील स्नायुरक्षक व्यायाममात्रा

कटिंग काळातील स्नायुरक्षक व्यायाममात्रा म्हणजे शरीरातील चरबी कमी करण्यासाठी आहार घटवलेला असताना आधी कमावलेले स्नायू टिकवून ठेवण्यास पुरेसा ठरणारा वजनी व्यायाम होय. व्यायामशाळेच्या बोलीत चरबी उतरवण्याच्या या काळाला 'कटिंग' म्हणतात. व्यायामाची मात्रा साधारणपणे दोन अंगांनी मोजली जाते. प्रत्येक स्नायुगटासाठी आठवड्यात किती सेट झाले हे पहिले अंग, आणि प्रत्येक सेटमध्ये किती वजनाने किती पुनरावृत्ती (रेप) झाल्या हे दुसरे. प्रस्तुत लेखात आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करणाऱ्या, किमान वर्षभराचा सराव असलेल्या निरोगी प्रौढ व्यक्तीच्या संदर्भात या दोन्ही अंगांचा विचार केला आहे.

थोडक्यात सांगायचे तर अशा व्यक्तीला प्रत्येक मोठ्या स्नायुगटासाठी आठवड्याला सुमारे ६ ते १० सेट पुरेसे होतात. त्यांतील बहुतेक सेट ५ ते १२ पुनरावृत्तींचे असावेत. सेटची संख्या कमी करता येते, पण उचलले जाणारे वजन शक्यतो कमी करू नये.

## पार्श्वभूमी

स्नायूंमधील प्रथिने सतत मोडत असतात आणि सतत नव्याने घडत असतात. दोन्ही क्रियांचा वेग सारखा असेल तोवर स्नायूचे आकारमान कायम राहते. आहारातून मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी झाली, म्हणजे ऊर्जा तूट निर्माण झाली, की नवी प्रथिने घडण्याचा वेग मंदावतो. आरेटा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ पाच दिवसांच्या ऊर्जा तुटीनंतर विश्रांतीच्या अवस्थेतील हा वेग सुमारे २७ टक्क्यांनी घटलेला आढळला. त्याच अवस्थेत वजनी व्यायामाचे एक सत्र केल्यावर मात्र तो पुरेसा आहार घेतलेल्या विश्रांतीच्या अवस्थेइतका झाला. कटिंगमध्ये वजनी व्यायामाचे काम काय, हे यावरून स्पष्ट होते. तुटीमुळे मंदावणारी घडण मूळ पातळीवर टिकवणे, हे ते काम होय.

नवीन स्नायू कमावणे हे या काळातील मुख्य उद्दिष्ट नसते. मर्फी आणि कोहलर यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून असे दाखवले, की ऊर्जा तुटीत वजनी व्यायाम केल्यास ताकद वाढू शकते, पण चरबीविरहित वस्तुमानाची वाढ अडते. त्यांच्या हिशेबाप्रमाणे दररोज सुमारे ५०० किलोकॅलरींच्या तुटीला ही वाढ शून्यावर येते. त्यामुळे वाढीसाठी आखलेला मोठा कार्यक्रम कटिंगमध्ये तसाच चालवला, तरी त्यातून वाढीचे फळ मिळण्याची शक्यता थोडी असते. त्याचा थकवा मात्र पूर्ण सोसावा लागतो.

## आठवड्यातील सेटची संख्या

कमावलेले स्नायू राखण्यास ते कमावण्यापेक्षा पुष्कळ कमी व्यायाम लागतो. याचा बहुधा सर्वांत परिचित पुरावा बिकेल, क्रॉस आणि बामन यांच्या २०११ सालच्या प्रयोगातून मिळतो. त्यात सहभागी झालेल्यांनी प्रथम १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मांड्यांचे तीन व्यायाम प्रत्येकी तीन सेट या प्रमाणात केले. म्हणजे आठवड्याला २७ सेट झाले. पुढील ३२ आठवडे काहींनी व्यायाम पूर्ण थांबवला, काहींनी एक तृतीयांश (आठवड्याला ९ सेट), तर काहींनी एक नवमांश (आठवड्याला ३ सेट) व्यायाम चालू ठेवला. २० ते ३५ वर्षे वयोगटातील व्यक्तींचे स्नायू दोन्ही घटवलेल्या मात्रांवर टिकले. ६० ते ७५ वर्षे वयोगटात मात्र स्नायूंचे आकारमान त्यांवर टिकले नाही.

या निष्कर्षाचा वापर करताना एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. प्रयोगातील व्यक्तींचा आहार घटवलेला नव्हता. तुटीमध्ये स्नायूंवर घटीचा दाब अधिक असल्याने अगदी किमान मात्रेवर विसंबणे जोखमीचे ठरते. दुसरीकडे, मात्रा खूप वाढवूनही लाभ होतो असे दिसत नाही. रॉथ आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली सराव असलेल्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगात आहार घटवलेला असताना अधिक सेट करणारे आणि मध्यम सेट करणारे यांच्या चरबीविरहित वस्तुमानात फरक आढळला नाही.

या दोन टोकांमधील व्यवहार्य पट्टा पुढील नियमाने ठरवता येतो. कटिंगपूर्वी ज्या स्नायुगटासाठी आठवड्याला जितके सेट होत होते, त्यांच्या साधारण निम्मे ते दोन तृतीयांश ठेवावेत. मात्र मोठ्या स्नायुगटासाठी ते सहापेक्षा खाली जाऊ देऊ नयेत. पूर्वी १५ सेट होत असतील तर ८ ते १० पुरेत. पूर्वीच ६ ते ८ होत असतील तर काहीही कमी करण्याची गरज नाही. दंड, पोटऱ्या यांसारख्या लहान गटांना ३ ते ६ सेट पुरतात, कारण दंडांचे काम इतर व्यायामांतही होत असते.

### सेट मोजण्याची पद्धत

वरील आकड्यांना अर्थ यावा म्हणून सेट एकाच पद्धतीने मोजणे आवश्यक आहे. हलक्या वजनाचे सरावाचे (वॉर्मअप) सेट मोजत नाहीत. ज्या सेटच्या शेवटी फार तर एक ते तीन पुनरावृत्ती शिल्लक राहिल्या असत्या, तोच कामाचा सेट समजतात. एखाद्या व्यायामात स्नायू मुख्य काम करत असेल तर पूर्ण सेट, आणि साहाय्यक काम करत असेल तर अर्धा सेट मोजण्याची रीत आहे. उदाहरणार्थ, बेंच प्रेसचा एक सेट छातीसाठी एक, तर ट्रायसेप्ससाठी अर्धा धरला जातो.

## पुनरावृत्ती आणि वजन

'कटिंगमध्ये वजन हलके करावे आणि पुनरावृत्ती वाढवाव्यात, म्हणजे स्नायूंना रेखीवपणा येतो' हा समज व्यायामशाळांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. रेखीवपणा हा स्नायूंवरील चरबीचा थर पातळ झाल्याने दिसतो आणि तो थर मुख्यतः आहारातील तुटीमुळे पातळ होतो. १५ ऐवजी २५ पुनरावृत्ती केल्याने त्या जागेची चरबी वितळत नाही. उलट ज्या वजनाने स्नायू घडला ते वजन काढून घेतल्यास तो टिकवण्याचे कारणच दुबळे होते. कटिंगमधील ही बहुधा सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

केवळ आकारमानाचा विचार केल्यास पुनरावृत्तींचा उपयुक्त पट्टा बराच रुंद आहे. शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली सराव असलेल्या पुरुषांमध्ये ८ ते १२ आणि २५ ते ३५ पुनरावृत्तींची तुलना केली. दोन्ही गटांतील स्नायुवाढ सारखीच होती, मात्र स्क्वॉटमधील ताकद जड वजनाच्या गटात अधिक वाढली. हलक्या वजनाचा सेट प्रभावी ठरण्यासाठी तो जवळजवळ पूर्ण थकव्यापर्यंत न्यावा लागतो. घटलेल्या आहारावर असे लांब सेट नकोसे होतात आणि ते मध्येच सोडून देण्याची प्रवृत्ती वाढते. स्नायू खरोखर थकण्याआधी दम लागल्याने सेट थांबला, तर तो कामाचा सेट राहत नाही.

म्हणून कटिंगमध्ये पुढील विभागणी सोयीची ठरते. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग यांसारखे अनेक सांध्यांचे व्यायाम ५ ते १० पुनरावृत्तींत करावेत. यंत्रांवरील व डंबेलचे व्यायाम ८ ते १२ मध्ये, आणि दंड, पोटऱ्या, खांद्याची बाजू यांचे व्यायाम १० ते २० मध्ये करावेत. जड व्यायामांत १ ते ३ पुनरावृत्ती राखून थांबावे. एकाच सांध्याच्या लहान व्यायामांत शेवटचा सेट पूर्ण थकव्यापर्यंत नेल्यास फारसे बिघडत नाही. मोठ्या व्यायामांच्या दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. 'चरबी जाळण्यासाठी' ती अर्ध्या मिनिटावर आणल्यास पुढील सेटमधील वजन किंवा पुनरावृत्ती घसरतात.

## तीन दिवसांची मांडणी

तीन दिवसांत छाती, पाठ आणि पाय अशी प्रत्येकी एक दिवसाची वाटणी करता येते. मात्र त्यात एक दिवस चुकला की त्या स्नायुगटाला सुमारे दोन आठवडे काम मिळत नाही. दर सत्रात संपूर्ण शरीराचा व्यायाम केल्यास हा धोका टळतो. एका गटाचे सेट दोन-तीन दिवसांत विखुरल्याने प्रत्येक सेट अधिक ताजेपणाने होतो, आणि एक सत्र बुडाले तरी आठवड्याचा सुमारे दोन तृतीयांश व्यायाम शिल्लक राहतो.

### उदाहरण

७६ किलो वजनाचा, तीन वर्षे नियमित व्यायाम करणारा तिशीतील पुरुष विचारात घेऊ. त्याला १२ आठवड्यांत सुमारे साडेपाच किलो वजन उतरवायचे आहे. आठवड्याला शरीरवजनाच्या ०.६ टक्के, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम घट हा त्याचा वेग आहे. एक किलो चरबीमागे ७,७०० किलोकॅलरी हा प्रचलित ढोबळ हिशेब धरल्यास दररोज साधारण ५०० किलोकॅलरींची तूट लागते. पूर्वी तो छाती, पाठ आणि मांड्या यांसाठी प्रत्येकी १२ ते १५ सेट करत असे. त्याचा घटवलेला कार्यक्रम असा असू शकतो:

| दिवस | व्यायाम | सेट | पुनरावृत्ती |
|---|---|---|---|
| सोमवार | स्क्वॉट | ३ | ५–८ |
| | बेंच प्रेस | ३ | ५–८ |
| | बारबेल रो | ३ | ६–१० |
| | बायसेप्स कर्ल | २ | १०–१५ |
| बुधवार | रोमानियन डेडलिफ्ट | ३ | ६–१० |
| | ओव्हरहेड प्रेस | ३ | ६–१० |
| | पुलअप | ३ | ६–१० |
| | काफ रेझ (पोटऱ्या) | ३ | १०–१५ |
| शुक्रवार | लेग प्रेस | ३ | ८–१२ |
| | इनक्लाइन डंबेल प्रेस | ३ | ८–१२ |
| | सीटेड केबल रो | ३ | ८–१२ |
| | लेग कर्ल | २ | १०–१५ |
| | लॅटरल रेझ | २ | १२–२० |

आठवड्याचे एकूण ३६ सेट होतात. त्यांत मांडीच्या पुढच्या स्नायूंना ६, छातीला ६ आणि पाठीला ९ सेट मिळतात. मांडीच्या मागच्या स्नायूंचे स्वतंत्र सेट ५ आहेत. ते सहाच्या किंचित खाली असल्याने लेग कर्लचा आणखी एक सेट वाढवणे इष्ट होय. ट्रायसेप्ससाठी वेगळा व्यायाम नाही. तरीही तिन्ही प्रेसचे मिळून ९ सेट अर्धे धरल्यास साडेचार सेट होतात आणि ते टिकवणुकीला पुरतात. बायसेप्सचे कर्लचे दोन आणि पाठीच्या व्यायामांचे साडेचार मिळून साडेसहा सेट भरतात. प्रत्येक सत्र सुमारे ५० ते ६० मिनिटांत आटोपते.

वजनाची नोंद ठेवणे हा या कार्यक्रमाचा अविभाज्य भाग आहे. समजा पहिल्या आठवड्यात त्याने ७० किलोचा बेंच प्रेस अनुक्रमे ८, ७, ७ असा केला. सहाव्या आठवड्यात तोच ८, ७, ६ असा होत असेल तर स्थिती समाधानकारक आहे. बाराव्या आठवड्यापर्यंत आणखी एखादी पुनरावृत्ती कमी झाली, तरी ती थकव्याच्या कक्षेत येते. पुनरावृत्ती ठरलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोहोचल्या तर वजन दोन-अडीच किलोंनी वाढवावे. कटिंग चालू असल्याचे कारण देऊन वाढ रोखून धरण्याची गरज नाही.

पुलअपची नोंद वेगळ्या रीतीने वाचावी लागते. ७६ किलोंवर ८ पुलअप काढणारा पुरुष ७१ किलोंवरही ८च काढत असेल, तर तो प्रत्यक्षात पाच किलो कमी वजन उचलत आहे. ताकद कायम असल्यास पुनरावृत्ती वाढायला हव्यात. अन्यथा कमरेला घटलेल्या वजनाइतके वजन लावून तुलना करावी.

## घट ओळखणे आणि दुरुस्ती

स्नायू घटत आहेत की नाही, हे आरशात किंवा वजनकाट्यावर लवकर कळत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत स्नायूंमधील ग्लायकोजेन कमी होते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साठलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही जाते. त्यामुळे स्नायू चपटे वाटतात, सदरा सैल होतो आणि वजन झपाट्याने उतरते. याला स्नायूंची हानी समजून घाबरणे चुकीचे आहे. शरीररचना मोजणारी यंत्रेही या पाण्याची गणना चरबीविरहित वस्तुमानातच करतात, म्हणून त्यांच्या आकड्यांवरून काही आठवड्यांचा निष्कर्ष काढता येत नाही.

तुलनेने विश्वासार्ह खूण म्हणजे व्यायामाची वही. एकाच व्यायामात घसरण झाली असेल तर कारण बहुधा स्थानिक असते. सांध्याचे दुखणे, ढंगातील बदल किंवा व्यायामांचा बदललेला क्रम ही त्याची उदाहरणे होत. सलग दोन आठवडे तीन-चार मुख्य व्यायामांत त्याच वजनाला दोन किंवा अधिक पुनरावृत्ती कमी होत असतील, तर मात्र कारण सार्वत्रिक आहे. अशा वेळी दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा असतो.

प्रथम वजन उतरण्याचा वेग पाहावा. गार्थे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली नॉर्वेतील खेळाडूंवर केलेल्या प्रयोगात आठवड्याला ०.७ टक्के घटीचे लक्ष्य ठेवलेल्या गटाचे चरबीविरहित वस्तुमान वाढले, तर १.४ टक्क्यांच्या गटाचे वाढले नाही. घटीचा वेग एक टक्क्याच्या वर गेला असेल तर दररोज १५० ते २०० किलोकॅलरी वाढवाव्यात. त्यानंतर झोप आणि प्रथिने तपासावीत. प्रत्येक किलो शरीरवजनामागे दररोज १.६ ते २.४ ग्रॅम प्रथिने हा कटिंगमधील वापरला जाणारा पट्टा आहे. वरील उदाहरणातील पुरुषासाठी १.८ ग्रॅम हे प्रमाण धरल्यास ती सुमारे १३७ ग्रॅम होतात. हे सर्व ठीक असेल तर आठवडाभर सेट एक तृतीयांशाने कमी करावेत, पण वजन तेच ठेवावे. थकवा हे कारण असल्यास पुढील आठवड्यात पुनरावृत्ती परत येतात.

घसरण दिसताच सेट वाढवणे, ही याउलट दिशेची चूक होय. त्याने थकवा वाढतो, पुनरावृत्ती आणखी घसरतात आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा सेट वाढवले जातात. धावण्याचा व्यायाम एकाएकी वाढवल्यासही पायांच्या सत्रांत अशीच घसरण दिसते. त्यामुळे जास्तीचा ऊर्जाखर्च हवा असेल तर चालणे अधिक सोयीचे ठरते.

## मर्यादा

वरील मात्रा सराव असलेल्या तरुण आणि मध्यमवयीन प्रौढांसाठी आहे. नवशिक्या व्यक्तींमध्ये आणि चरबीचे प्रमाण बरेच जास्त असलेल्यांमध्ये तुटीतही स्नायू वाढू शकतात. त्यामुळे त्यांनी टिकवणुकीच्या मात्रेवर न थांबता हळूहळू वजन वाढवत राहणे योग्य ठरते. साठीपुढील व्यक्तींना स्नायू राखण्यासाठी तरुणांपेक्षा अधिक व्यायाम लागतो, म्हणून त्यांनी सेट घटवण्यापेक्षा तूट सौम्य ठेवावी. आधीच बरीच कमी चरबी असलेल्या, उदाहरणार्थ शरीरसौष्ठव स्पर्धेच्या तयारीच्या अखेरच्या टप्प्यातील खेळाडूंमध्ये, व्यायाम योग्य असूनही काही प्रमाणात स्नायूंची घट होऊ शकते. मधुमेहाची औषधे घेणारे, मूत्रपिंडाचे विकार असलेले, तसेच गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांनी आहारातील तूट आणि प्रथिनांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

कटिंग संपल्यावर आहार पूर्वपदावर येताच सेटही एकदम पूर्वीच्या संख्येवर नेणे टाळले जाते. दर आठवड्याला प्रत्येक स्नायुगटासाठी एक-दोन सेट वाढवत गेल्यास स्नायूंचा अतिरिक्त दुखवा टळतो आणि कोणत्या मात्रेपासून पुन्हा वाढ सुरू होते, हेही नोंदींवरून कळते.